वेरूळचा रावण आणि भक्तीचा पुरावा

प्रश्न: कला-इतिहासाच्या निबंधात 'भक्तीची प्रतिमा' हा विषय आहे. मी वेरूळच्या कैलास मंदिरातलं, रावण कैलास पर्वत हलवतो ते शिल्प घेतलंय. बाई म्हणतात, 'हे वर्णन झालं, पुरावा कुठंय?' शिल्प पुरावा म्हणून वापरायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

बाईंचा आक्षेप रास्त आहे, आणि तुम्ही निवडलेलं शिल्प त्यासाठी फार चांगलं आहे, कारण ते भक्तीचा पुरावा म्हणून सहजासहजी हाती लागत नाही.

आधी कथा बाजूला ठेवून फक्त दगड पाहा आणि लिहून काढा. खाली खोल पोकळीत, पर्वताच्या पोटात, अनेक शिरं नि अनेक हात असलेला एक बलदंड पुरुष अंग वाकवून जोर लावतोय. वर शिव निवांत बसलाय. शेजारची पार्वती त्याच्याकडे कलून त्याचा हात धरतेय. मागे एक दासी पाठ फिरवून पळत सुटलीय. एवढंच. यात हात जोडलेले नाहीत, स्तोत्र नाही, शरणागती नाही. रावण भक्त झाला, शिवाने प्रसन्न होऊन त्याला चंद्रहास खड्ग दिलं, हे आपल्याला रामायणाच्या उत्तरकांडातून माहीत आहे आणि आपण ते नकळत दगडावर चढवतो. शिल्पकाराने मात्र त्याच्या आधीचा क्षण निवडलाय: पर्वत हललाय, पण शिवाने तो पायाच्या अंगठ्याने अजून दाबलेला नाही, किंवा नुकताच दाबतोय. 'हे शिल्प रावणाची भक्ती दाखवतं' असं वाक्य निबंधात असेल तर ते आधी खोडा.

मग ग्रंथाचा उपयोग कसा करायचा? जुळतं काय आणि जुळत नाही काय, हे दोन्ही नोंदवायचं. उत्तरकांडात पर्वत हलताच शिवगण थरथरतात आणि पार्वती शिवाला बिलगते. पार्वतीचा आवेग शिल्पातही आहे. पण पळणारी दासी त्या श्लोकांत नाही. म्हणजे कारागिरांसमोर हाच पाठ होता असं म्हणता येत नाही; कथेची एखादी तोंडी परंपरा, आधीच्या शिल्पांचा घडलेला साचा किंवा कारागिराची स्वतःची कल्पना, काहीही असू शकतं. ग्रंथ तुम्हाला विषय ओळखायला मदत करतो. शिल्प असंच का घडवलं, हे तो सांगत नाही.

ते सांगायला तुलना लागते, आणि सुदैवाने ती त्याच डोंगरात आहे. हाच प्रसंग लेणी २१ मध्ये आहे, लेणी २९ म्हणजे धुमार लेण्यातही आहे. तिथेही रावण खाली, शिव-पार्वती वर. म्हणजे 'वर देव, खाली दानव' ही मांडणी कैलासाची खासियत नाही, आणि तिच्यावरून कैलासाबद्दल काही सिद्ध होत नाही. कैलासात वेगळी आहे ती खोली. इथे रावणाभोवती दगड इतका आत कोरून काढलाय की तो जवळजवळ सुटा उभा राहतो आणि सावलीत जातो, तर वरच्या आकृत्यांवर उजेड राहतो. पाहणाऱ्याला आधी वरची हालचाल दिसते आणि तिचं कारण नंतर, अंधारात डोकावल्यावर. हा मुद्दा मात्र तुमचा पुरावा होऊ शकतो, कारण तो केवळ कथेतून आलेला नाही. कुणीतरी जास्त मेहनत घेऊन केलेली निवड आहे. एक सावधगिरी: या मंदिरावर गिलावा आणि रंग होता, त्याचे अवशेष अजून दिसतात. आज आपण बघतो तो उघड्या दगडाचा छायाप्रकाश आहे. मूळ परिणाम नेमका असाच होता असं ठासून लिहू नका.

आता जागा. हे शिल्प मंदिराच्या दक्षिण अंगाला, खाली प्रांगणाच्या बाजूने दिसतं. गाभाऱ्यातलं लिंग वरच्या मजल्यावर आहे, पूजा त्याची. निबंधात बहुतेक जण इथेच घसरतात: पूजेची मूर्ती आणि भिंतीवरचं कथाशिल्प यांना एकाच तागडीत तोलतात. रावणाच्या शिल्पासमोर पूजा होत होती असा पुरावा नसेल, तर त्याला 'उपास्य प्रतिमा' म्हणू नका. ते भक्ताच्या वाटेवरचं शिल्प आहे, आणि तेवढं म्हणणंही पुरेसं वजनदार आहे. मंदिराचं नावच कैलास असल्यामुळे रावण जो पर्वत हलवू पाहतोय त्याच्याच बाजूला आपण उभे आहोत, हा अर्थ जागेतून निघतो.

लेखी पुराव्यात राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्काचा बडोद्याचा ताम्रपट जरूर घ्या. तो इ. स. ८१२-१३ चा आहे, म्हणजे ज्याने हे मंदिर घडवून घेतलं असं मानतात त्या पहिल्या कृष्णाच्या राजवटीनंतर (साधारण ७५६ ते ७७३) सुमारे चाळीस वर्षांचा. एलापूरचं, म्हणजे वेरूळचं, मंदिर पाहून देव चकित झाले, ते मानवाने केलेलं नसून स्वयंभू असावं असं त्यांना वाटलं, आणि खुद्द ते घडवणाराही 'हे माझ्या हातून कसं झालं' म्हणून थक्क झाला, असं त्यात वर्णन आहे. तिथल्या शंभूला राजाने रत्न-सोन्याने सजवल्याचाही उल्लेख आहे. ही राजस्तुती आहे, साक्षीदाराची जबानी नव्हे. तरी त्या काळचा दरबारी माणूस या मंदिराबद्दल कोणत्या भावनेने बोलायचा हे कळतं: विस्मय. आणि भक्तीची सेवा सांगायची वेळ येते तेव्हा तो भिंतीवरच्या शिल्पाकडे नाही, शंभूकडे वळतो.

तुम्हाला रावणाची भक्तीच हवी असेल, तर प्रांगणाभोवतीच्या ओवऱ्यांत जा. तिथे लिंगाला आपली शिरं वाहणारा रावण कोरलेला आहे. एकाच आवारात उद्दाम रावण आणि शिर वाहणारा रावण! मोह होतो की लगेच लिहावं, 'मंदिराची योजनाच अहंकारातून भक्तीकडे नेणारी होती.' पण थांबा. या ओवऱ्या मुख्य मंदिरानंतरच्या आहेत असं बरेच अभ्यासक मानतात. तसं असेल तर ती मूळ योजना नव्हे. नंतरच्या लोकांनी जुन्या शिल्पाला दिलेली जोड ठरते. माझ्या मते हा दुसरा मुद्दा जास्त रंजक आहे, कारण त्यात भक्तीचा अर्थ काळानुसार बदलताना दिसतो.

परिच्छेद साधारण असा बांधता येईल: 'मुख्य मंदिरावरील शिल्पात रावणाच्या बळाचा आणि शिवाच्या निश्चलतेचा क्षण निवडला आहे; लेणी २१ व २९ मधील त्याच विषयाच्या तुलनेत येथे रावणाला अधिक खोल पोकळीत ठेवल्याने हा विरोध तीव्र होतो. शरणागतीचा भाव या शिल्पात नाही. तो ओवरीतील शिर वाहणाऱ्या रावणात येतो, आणि ती ओवरी नंतरची मानली तर दोन्ही शिल्पे एकाच योजनेचा भाग समजता येत नाहीत.' यातलं प्रत्येक विधान कुणीही जागेवर जाऊन तपासू शकतो, चुकीचं ठरवू शकतो. बाई मागतायत ते हेच असावं.

छायाचित्रं किमान दोन लावा: एक समोरून पूर्ण शिल्पाचं आणि एक प्रांगणात उभं राहिलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून. पुस्तकांतली चित्रं बरेचदा झगझगीत उजेडात, सोयीच्या कोनातून घेतलेली असतात. त्यांत रावण जितका स्पष्ट दिसतो तितका तो तिथे दिसत नाही, आणि तुमचा मुद्दाच त्या अंधारावर उभा आहे.