रक्त पातळ करणारी गोळी आणि जास्त पाळी

प्रश्न: पायात गुठळी झाल्यापासून रिव्हारोक्सॅबान घेते. पाळीत फार रक्त जातं. गोळी बंद करू का?

स्वतःहून बंद करू नका, नवी गुठळी होऊ शकते. रिव्हारोक्सॅबानवर हा त्रास बऱ्याच जणींना होतो. डॉक्टर गोळी बदलून अपिक्साबान देऊ शकतात किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू गर्भाशयात बसवू शकतात.

नुसतं ‘जास्त जातं’ म्हणू नका. पॅड किती तासांनी भिजतो, रात्री उठावं लागतं का, गाठी केवढ्या पडतात, किती दिवस चालतं, हे सांगा. पोटदुखीसाठी आयबुप्रोफेन घेत असाल तर तेही सांगाच, रिव्हारोक्सॅबानसोबत त्याने रक्तस्राव वाढू शकतो. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, हेही तपासून घ्या.

सलग दोन तास दर तासाला पॅड भिजला किंवा चक्कर आली, तर लगेच दवाखाना गाठा.