डबा घेण्याआधी हा भागाकार कर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

भरतीच्या ग्राउंडवरच्या मुलांचं बघून तूही प्रोटीन पावडरचा डबा घ्यायचा विचार करतोयस, असं कळलं. गोळा लांब जावा, सोळाशे मीटरला शेवटच्या फेरीत पाय जड पडू नयेत, यासाठी प्रथिनं लागतात हे खरंच आहे. पण खोलीचं भाडं, मेस आणि पुस्तकं भागवून तुझ्या हातात काय उरतं, तेही मला माहीत आहे. म्हणून दुकानात जाण्याआधी एक भागाकार शिकून घे.

कुठल्याही पदार्थाचा किलोचा भाव घे आणि एका किलोत किती ग्रॅम प्रथिनं आहेत त्याने भाग. उत्तर येईल ते एका ग्रॅम प्रथिनाची किंमत. मी खाली धरलेले भाव तुझ्या दुकानात थोडे इकडेतिकडे असतील, तर तुझे आकडे घाल. क्रम फारसा बदलणार नाही.

सोयावडीपासून सुरुवात कर. सोयाबीनचं तेल काढून घेतल्यावर जो चोथा उरतो, त्याच्या पिठापासून ही वडी बनते. तेल निघून गेल्यामुळे प्रथिनांचं प्रमाण वाढतं, शंभर ग्रॅममध्ये साधारण ५२ ग्रॅम. सुटी वडी १४० रुपये किलो धरली, तर ग्रॅमला २७ पैसे. मसूर ९० रुपये किलो आणि त्यात २४ टक्के प्रथिनं, म्हणजे ३७-३८ पैसे. हरभरा चाळीसच्या आसपास. तूरडाळ १३० रुपये धरली तर साठ पैशांच्या जवळ जाते. शेंगदाणे १४० रुपये किलो, २५ टक्के प्रथिनं, ५६ पैसे. अंडं सात रुपयांना आणि त्यात सहा-सव्वासहा ग्रॅम, म्हणजे एक रुपया दहा-पंधरा पैसे. दुधाला ग्रॅममागे पावणेदोन ते दोन रुपये पडतात, पनीरला दोनच्या वर. आणि अडीच हजार रुपये किलोचा तो डबा, ज्यात शंभरात पंचाहत्तर ग्रॅम प्रथिनं असतात, ग्रॅमला सव्वातीन रुपयांच्या पुढे जातो. सोयावडीच्या बारापट.

तुमच्या शेतातलं सोयाबीन तर याहूनही स्वस्त आहे. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, म्हणजे किलोला ५३ रुपये, आणि त्यात ३८ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. ग्रॅमला १४ पैसे! वडील दरवर्षी जे पोत्यांनी आडतीवर घालतात, त्यातलं दहा किलो घरात ठेवायला सांग. पण कच्चं सोयाबीन कधी खायचं नाही. त्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो आणि तो उष्णतेनेच निकामी होतो. आईला सांग, दाणे निवडून उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळायचे, पाणी फेकायचं, कडक उन्हात खडखडीत वाळवायचे आणि मग नऊ किलो गव्हात एक किलो मिसळून गिरणीत द्यायचे. मिसळूनच द्यायचे, कारण नुसतं सोयाबीन तेलकट असल्याने जात्याला चिकटतं. पोळीच्या चवीत फारसा फरक पडत नाही आणि आठ पोळ्यांमागे सहा-सात ग्रॅम प्रथिनं वाढतात. घरच्यांसाठी यापेक्षा स्वस्त सोय मला माहीत नाही.

आता तुझ्याकडे वळू, कारण तू मेसमध्ये जेवतोस आणि तिथलं पीठ तुझ्या हातात नाही.

सगळ्यात मोठी गफलत डाळीच्या हिशोबात होते. डाळीत २२ टक्के प्रथिनं, आपण दोन्ही वेळा डाळ खातो, म्हणजे भागलं, असं मुलं धरून चालतात. ते २२ टक्के कोरड्या डाळीचे आहेत. मेसच्या एका वाटी वरणात कोरडी डाळ असते पंधरा-वीस ग्रॅम, बाकी पाणी. म्हणजे वाटीमागे साडेतीन-चार ग्रॅम प्रथिनं. वरण किती पातळ आहे ते बघायचं असेल तर वाटी पाच मिनिटं न हलवता ठेव. वर पाणी आणि तळाशी बोटभरही गाळ नसेल, तर ती वाटी हिशोबात अर्धीच धर. वाढणाऱ्या काकूंना तळातून ढवळून वाढायला सांगायला लाजू नकोस. ज्या दिवशी उसळ असेल त्या दिवशी भाजी कमी आणि उसळ जास्त घे.

मोड आलेल्या कडधान्यांबद्दलही हेच. मोड आल्याने पचायला हलकं होतं, क जीवनसत्त्व वाढतं, पण प्रथिनं वाढत नाहीत. शंभर ग्रॅम मटकी भिजून, मोड येऊन दुप्पट वजनाची होते, ती पाण्याने. म्हणून बाजारात मोडाची मटकी किलोवर विकत घेतोस तेव्हा निम्मे पैसे पाण्याचे जातात. कोरडी आण, रात्री भिजव, फडक्यात बांध.

तुझं वजन साठ किलो. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं आपल्या आयसीएमआरने २०२० साली ठरवून दिलं आहे. म्हणजे तुला पन्नास. पण तू रोज पळतोस, गोळा टाकतोस, तेव्हा किलोमागे १.३ ते १.४ धर, म्हणजे ऐंशीच्या आसपास. आता मेसमध्ये काय मिळतं ते मोज. दोन्ही वेळच्या आठ पोळ्यांतून पंचवीस ग्रॅम. हो, पोळीतूनच, गव्हातही दहा टक्क्यांवर प्रथिनं असतात. भातातून सात, दोन वाट्या वरणातून आठ, भाजी-उसळ आणि चहातलं दूध मिळून सात-आठ. एकूण सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. म्हणजे विकत घ्यायची आहेत ती ऐंशी नव्हे, फक्त बत्तीस ग्रॅम. डबा विकणारा तुला हे कधी सांगणार नाही.

ते बत्तीस असे भर. चाळीस ग्रॅम कोरडी सोयावडी, त्यातून एकवीस ग्रॅम, साडेपाच रुपये. एक उकडलेलं अंडं, सहा ग्रॅम, सात रुपये. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम फुटाणे, सहा ग्रॅम, साडेचार रुपये. रोजचे सतरा रुपये, महिन्याचे सव्वापाचशेच्या आत. तेवढीच प्रथिनं डब्यातून घ्यायची झाली तर रोजचे शंभराच्या वर जातात.

चाळीस ग्रॅम म्हणजे किती, हे अंदाजाने ठरवू नकोस. किराणा दुकानदाराला एकदा काट्यावर तोलून द्यायला सांग, खोलीवर येऊन तुझ्या वाटीत ओत आणि कुठपर्यंत येतं ते बघून ठेव. वडी मीठ घातलेल्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळ, गार पाण्यात टाक, दोन-तीनदा घट्ट पिळून पाणी फेक. ते फेसाळ पाणी काढलं नाही तर वास येतो आणि मुलं दुसऱ्या दिवशी वडीचं नाव घेत नाहीत. मग कांदा, लसूण आणि काळा मसाला घालून रस्सा कर. पहिला आठवडा वीस ग्रॅमच खा. एकदम वाढवलीस तर पोट फुगेल आणि सकाळच्या धावण्यात त्रास होईल.

एवढी वडी स्वस्त असताना अंडं का, असं तू विचारशील. अंड्यातली प्रथिनं शरीर जवळपास सगळी वापरतं, डाळींच्या बाबतीत वीस-पंचवीस टक्के न पचता जातात. तो फरक धरला तरी डाळ अंड्यापेक्षा स्वस्तच राहते. पण बी-१२ जीवनसत्त्व सोया-डाळीत नसतं, अंड्यात असतं, आणि उकडायला दहा मिनिटं पुरतात. फक्त दोन गोष्टी कर. ग्राउंडवर काही मुलं पिवळा बलक काढून टाकतात, तसं करू नकोस. अंड्यातली चाळीस टक्क्यांच्या वर प्रथिनं त्या बलकात आहेत, तो टाकलास की ग्रॅमचा भाव पावणेदोन-दोन रुपयांवर जातो. आणि कच्चं अंडं फोडून पिऊ नकोस. कच्च्यातली निम्मीच प्रथिनं अंगी लागतात, उकडलेल्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास. पोट बिघडण्याचा धोका वेगळा.

शेंगदाण्यांना मी यादीत घेतलं नाही, कारण बत्तीस ग्रॅम त्यांच्यातून भरायचे तर रोज सव्वाशे ग्रॅमच्या वर दाणे खावे लागतील आणि त्यातून सातशेवर कॅलरी येतील. निम्मं वजन तर तेलाचं असतं. शिवाय गव्हात लायसिन नावाचा प्रथिनांचा जो घटक कमी पडतो, तो दाण्यातही फार नाही. डाळीत आणि सोयात तो भरपूर असतो, म्हणून पोळीबरोबर डाळ किंवा वडीच खरी जोड जमते. तुझ्या खोलीतल्या त्या बारीक मित्राला वजन वाढवायचं असेल तर मात्र त्याने दाणे-गूळ जरूर खावा. दाणे आणताना सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे निवडून फेक, आणि एखादा कडू लागला तर थुंकून टाक. बुरशीतलं विष भाजल्यानेही पुरतं जात नाही.

आजोबांच्या किडनीचा त्रास तू मागे लिहिला होतास. हा हिशोब तुझ्यासाठी आहे, त्यांना सोयावडी सुरू करू नका. त्यांची प्रथिनं किती ठेवायची ते डॉक्टरच ठरवतील.

थंडीत अंड्यांचे भाव चढतात. सात रुपयांचं अंडं आठच्या वर गेलं की रोजच्याऐवजी एक दिवसाआड खा आणि मधल्या दिवशी फुटाणे दुप्पट कर, सहा ग्रॅमला साडेचार रुपयेच पडतील. महिन्याभराने मेसचा आणि तुझा, दोन्ही हिशोब लिहून पाठव. कुठे कमी पडतंय ते बघून मी वडीचं माप बदलून देईन.

तुझा,
काका