निरोपाचं भाषण मराठीत आणताना

तुझं पत्र मिळालं. सोबत सरांच्या निवृत्तीसाठी बाईंनी लिहिलेलं इंग्रजी भाषण आणि तू केलेला त्याचा मराठी कच्चा मसुदा, दोन्ही वाचले. भाषण छान आहे. कोरडं, मिश्किल आणि आटोपशीर. तुझा मसुदा वाचताना मात्र दुसऱ्याच पानावर वाटलं की सर निवृत्त होत नाहीयेत, गेलेच. यात तुझा दोष कमी आणि मराठी निरोप समारंभांचा जास्त. आपल्याकडे निरोपाची आणि श्रद्धांजलीची भाषा फार जवळजवळ राहते.

त्यामुळे सुरुवात तिथूनच करू. इंग्रजीत बाईंनी सरांबद्दल साध्या भूतकाळात लिहिलंय: शिकवण्यात कडक होते, विद्यार्थ्यांवर जीव होता, पावसाळ्यातही फील्डवर जायचे. इंग्रजी ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की नोकरीचा काळ संपला. मराठीत ‘सर फार कडक होते, पण मनाने प्रेमळ होते’ असं माइकवरून आलं की सभागृह नकळत खाली मान घालतं. आणि सर तर समोर पहिल्या रांगेत बसलेले असणार. यावर उपाय असा: स्वभावाबद्दलचं वाक्य वर्तमानकाळात ठेव (‘सर कडक आहेत, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे’). घडलेल्या प्रसंगाचं वाक्य भूतकाळात राहू दे. कडकपणा ३१ तारखेला संध्याकाळी संपत नाही.

याच कारणाने ‘आपल्या जाण्याने विभागात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण होईल’ हे वाक्य काढून टाक. ही पोकळी वर्तमानपत्राच्या शोकसंदेशातून आलेली आहे. बाईंनी इंग्रजीत फक्त ‘वुई शॅल मिस यू’ म्हटलंय, चार शब्दांत. त्याला तेवढंच साधं काही हवं: ‘तुमची आठवण येईल.’ किंवा त्यांच्या तिरकस स्वभावाला धरून, त्यांना विचारून: ‘सोमवारी खारफुटीचा प्रश्न घेऊन कोणाकडे जायचं, हे अजून कोणी ठरवलेलं नाही.’ शेवटच्या परिच्छेदातलं ‘उर्वरित आयुष्य सुखाचं जावो’ हेही नको. शुभेच्छाच आहे, मान्य, पण ऐकणारा मनात वर्षं मोजायला लागतो. ‘पुढचे दिवस निवांत जावोत’ एवढं पुरे. निवांत बसायची सरांची तयारी आहे का, हा वेगळा प्रश्न.

आता यापेक्षा अवघड गोष्ट. इंग्रजी भाषणात ‘यू’ आणि ‘वुई’ हे दोन शब्द पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत येतात आणि दर वेळी वेगळ्या माणसांकडे बोट दाखवतात. पेन्सिल घे आणि प्रत्येक ठिकाणी समासात लिही: कोण? पहिल्या परिच्छेदातला ‘यू’ विद्यार्थ्यांना आहे, तिसऱ्यातला सरांना. इंग्रजीत हा बदल गुपचूप होतो, मराठीत होत नाही. सरांकडे वळताना ‘आणि सर, तुम्हांला आता एक सांगते’ असं एखादं छोटं वळण घालावंच लागतं. एरवी विद्यार्थ्यांना उद्देशून चाललेलं ‘तुम्ही’ सरांच्या ‘तुम्ही’त मिसळून जातं.

‘वुई’ तर मराठीत दोन वाटांनी जातं. हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा, प्रसंग घे. बाई लिहितात की ‘वुई’ एका उसन्या खोलीत दोन कपाटं घेऊन सुरुवात केली, आणि पावसाळ्यात वाळवणाखालचे वर्तमानपत्राचे कागद रोज बदलायचे, कारण गोव्याच्या दमट हवेत एक दिवस चुकला तरी दाबलेल्या फांद्यांवर बुरशी धरते. हे करणारे बाई आणि सर. बाई सरांशी बोलत असतील तर ‘आपण कागद बदलायचो’. सभागृहाला सांगत असतील तर ‘आम्ही’. तू सगळीकडे ‘आम्ही’ लिहिलंस. त्यामुळे सरांनाच सांगितलं जातंय की हे काम ‘आम्ही’ केलं, म्हणजे तुम्ही नव्हे! ऐकताना हे खटकतं, पण काय खटकलं हे कोणाला सांगता येत नाही. हा प्रसंग मी सरांकडे वळवून ‘आपण’मध्येच सांगितला असता. शेवटी ‘विभागाच्या वतीने’ शुभेच्छा देताना मात्र ‘आम्ही’च हवं, कारण तिथे सर पलीकडच्या बाजूला आहेत.

भाषण बाईंचं असलं तरी वाचणार आहे तुमचा तो तरुण सहकारी, असं तू लिहितेस. मग ‘मी इथे रुजू झाले तेव्हा’ हे त्याने वाचायचं कसं? इंग्रजीत अडचणच नव्हती, क्रियापदाला लिंग नाही. मराठीत पहिल्याच वाक्याला लोक हसतील. ‘झालो’ करशील तर त्याहून वाईट, कारण तो कालपरवा लागलेला मुलगा तीस वर्षांपूर्वीच्या आठवणी सांगू लागेल. तू दोन वाक्यांची प्रस्तावना लिहून दे, ती तो स्वतःच्या नावाने वाचेल: बाई प्रवास करू शकत नाहीत, त्यांनी हे लिहून पाठवलंय, पुढचे शब्द त्यांचे. त्यानंतर ‘झाले’, ‘सांगते’ सगळं बिनधास्त राहू दे. याहून सोपा मार्ग म्हणजे विभागातल्या एखाद्या बाईंनीच वाचावं. विचारून बघ.

संबोधनाचा प्रश्न बाईंनाच विचार. इंग्रजीत त्या सरांना पहिल्या नावाने हाक मारतात. त्या वयाने मोठ्या, त्यांच्याच हाताखाली सर लागले. समोरासमोर त्या कोंकणीत त्यांना ‘तूं’ म्हणत असतील तर त्यात काही वावगं नाही, आपल्याकडे ते घरचं माणूस मानल्याचं लक्षण. पण मराठीत, शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात, एका कनिष्ठाच्या तोंडून ‘तू’ गेलं तर सरांच्या घरच्यांना चालेल असं वाटत नाही. मला विचारशील तर ‘तुम्ही’ ठेव, आणि नाव एकदाच, सुरुवातीला. ‘आपण’ हे आदरार्थी रूप टाळ. एक तर ते मघाच्या ‘आपण’शी गोंधळतं, दुसरं म्हणजे बाईंच्या बोलण्याला सरकारी परिपत्रकाचा वास येतो.

चोडण बेटावरचा प्रसंग हा भाषणाचा जीव आहे, म्हणून तो जरा सावकाश बघू. इंग्रजीत एक लांबलचक वाक्य आहे: ओहोटीच्या वेळी रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलेले विद्यार्थी, गुडघाभर चिखल, तिवराची श्वसनमुळं मोजणारे सर, आणि मागे वळून ‘कम, कम, द टाइड विल नॉट वेट’ म्हणणं. तू हे सगळं एका वाक्यात बसवलंस, ‘ज्यांनी’, ‘ज्यामध्ये’ लावत. कानाला ते झेपत नाही. क्रियापद येईपर्यंत ऐकणारा बोटीतच राहतो. शिवाय तू ‘चोराओ’ लिहिलंस. गाव चोडण आहे! इंग्रजीतली आपली गावं पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात, त्यांना अक्षरं जुळवून मराठीत आणायचं नसतं. पुढे ‘बिचोलिम’ आलंय, ते डिचोली, आणि ‘सांक्वेलिम’ म्हणजे साखळी. आडनावांचंही तेच. एका जुन्या विद्यार्थ्याचं आडनाव एक्सने सुरू होतं, त्याचा उच्चार ‘श’ असणार, पण अंदाज करू नकोस, त्यालाच फोन करून तो मराठीत कसं लिहितो ते विचार.

‘श्वसनमुळं’ हा शब्द बरोबर आहे, विभागातल्या सगळ्यांना कळेल. सरांच्या आईला आणि नातवंडांना कळणार नाही. पहिल्यांदा तो येतो तिथे ते डोळ्यांसमोर आण. आणि सर ते वाक्य इंग्रजीत म्हणाले असतील, यावर माझा विश्वास नाही. चिखलात उभा असलेला गोंयकार मुलांना हाक मारतो ती कोंकणीत. बाईंनी त्याचं इंग्रजी करून लिहिलं, आणि तू त्या इंग्रजीचं मराठी केलंस. मूळ शब्द बाईंकडून मागून घे आणि कोंकणीतच ठेव, सभागृहातल्या प्रत्येकाला समजेल. मी तात्पुरता असा मसुदा करून बघितला:

‘ओहोटीची वेळ बघून रायबंदरहून फेरीबोट पकडायची आणि चोडणला उतरायचं. मुलं काठावर उभी, बूट हातात, पुढे पाऊल टाकायला तयार नाहीत. सर कधीच गुडघाभर चिखलात पोचलेले. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात, त्या श्वसनमुळांची मोजणी चालू. मागे न बघता म्हणायचे, चलात, चलात, भरती रावची ना.’

इथे आदराचा सूर आपोआप राहतो, कारण सर काय करत होते ते दिसतं. तू या प्रसंगापुढे ‘ऋषितुल्य’ आणि ‘ज्ञानतपस्वी’ घातलंस. मूळ इंग्रजीत त्यांच्यासाठी असं गौरवाचं एकही विशेषण नाही. बाईंनी जे बोलायचं टाळलं ते त्यांच्या तोंडी घालायचा अधिकार आपल्याला नाही, कौतुकाचं असलं तरी. सूत्रसंचालक ती सगळी विशेषणं वापरणारच आहे, काळजी नको.

लिफ्टच्या विनोदाबद्दल. इंग्रजीत हशा शेवटच्या शब्दावर आहे, तुझ्या मराठीत तो शब्द मध्ये अडकला आणि शेवटी नुसतं ‘होती’ उरलं. वाक्य तोडलंस की काम होतं: ‘सरांना लिफ्टने जाताना मी एकदाच पाहिलं. त्या दिवशी लिफ्ट अडकली.’ हशा पिकेपर्यंत थांबायला वाचणाऱ्याला सांग, तिथे रिकामी ओळ सोड. दुसरा विनोद, सरांच्या गाडी चालवण्यावरचा, मी काढायला सुचवेन. मित्रमंडळीत तो चालेल, पण सुनांच्या आणि व्याह्यांच्या समोर परक्याने वाचलेला थोडा बोचेल. पण काढायचा तर बाईंना कळवून.

वेळेचा हिशोब शब्दांवरून करू नकोस. विभक्ती प्रत्यय शब्दाला चिकटत असल्याने मराठीत शब्द कमी भरतात आणि लांब होतात, त्यामुळे इंग्रजीपेक्षा शब्दसंख्या उतरली तरी वेळ उतरेलच असं नाही. मोठ्याने वाच, घड्याळ लावून. कार्यक्रमात पाच मिनिटं दिली आहेत तर साडेचारात बसव, उरलेला वेळ हशाला. वाचायच्या प्रतीत साल आणि आकडे अक्षरांत लिही. ‘१९८९’ समोर दिसलं की माइकपुढचा माणूस एकोणनव्वद म्हणायचं की नव्वाण्णव, यात अडखळतोच, विशेषतः इंग्रजीतून शिकलेला. अक्षर मोठं घे, आणि पान उलटताना वाक्य अर्ध्यावर तुटणार नाही असं बघ, कारण आपलं क्रियापद नेमकं पुढच्या पानावर जाऊन बसतं.

बाईंना आजच फोन लाव. तीन गोष्टी विचार: त्या सरांना काय म्हणून हाक मारतात, चोडणला सर नेमकं काय म्हणाले होते, आणि गाडीचा विनोद काढला तर चालेल का. शनिवारपर्यंत नवा मसुदा आला तर रविवारी दुपारी वाचून पाठवतो.