ब्रोकोलीचे मोड शिजवून खाल्ले तर सल्फोराफेन हे संयुग मिळतं का? ते शरीरात नेमकं काय करतं?

फार कमी मिळतं, कारण मोडांत सल्फोराफेन तयार नसतं. त्याचा कच्चा माल असलेलं ग्लुकोराफॅनिन आणि त्यापासून ते बनवणारं मायरोसिनेज हे एन्झाइम तिथे वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. चावल्यावर किंवा चिरल्यावर ते एकत्र येतात आणि सल्फोराफेन बनतं. शिजवताना मायरोसिनेज निकामी होतं. मग आतड्यातल्या जिवाणूंवर भिस्त, आणि त्यांचं काम माणसागणिक बदलतं. म्हणून मोड कच्चे, नीट चावून खा. शिजवलेच तर वरून मोहरीची कच्ची पूड घाला, तिच्यातही मायरोसिनेज असतं.

पेशीत कीप१ हे प्रथिन एनआरएफ२ या दुसऱ्या प्रथिनाला धरून नष्ट करवत असतं. सल्फोराफेन कीप१मधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतं, त्यामुळे एनआरएफ२ नष्ट होत नाही, ते केंद्रकात जातं आणि एनक्यूओ१सारख्या संरक्षक एन्झाइमांची जनुकं चालू करतं. मात्र यावरून रोग बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही.