बँकेला लिहिलेलं तीन पानी तक्रारपत्र एका पानात कसं बसवू?

प्रश्न: एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून कटले. बँकेला तीन पानी पत्र लिहिलंय, सगळा मनस्ताप त्यात आहे, पण कोणी वाचेल असं वाटत नाही. छोटं आणि ठाम कसं करू?

उत्तर: आधी ते तीन पानी पत्र बाजूला ठेवा, त्याला कात्री लावत बसू नका, कारण तसं केलं की राग तेवढा राहतो आणि तारखा उडतात. कोऱ्या कागदावर फक्त तारखा लिहून काढा. मोबाईलमधले बँकेचे मेसेज, कॉल लॉग, ईमेल, पासबुक, सगळं उघडून बसा. "मी अनेकदा फोन केले" याला बँकेच्या लेखी काही किंमत नाही, पण "5 मार्चला फोन केला, तक्रार क्रमांक अमुक" हे त्यांना त्यांच्याच सिस्टीममध्ये शोधता येतं. एखादी तारीख सापडलीच नाही तर "मार्चचा दुसरा आठवडा" लिहा, अंदाजाने तारीख ठोकू नका, एक चुकीची निघाली की बाकीच्यांवरही शंका घेतात.

मग मजकूर साधारण असा होतो:

4 मार्च, संध्या. 7.40: मशिन क्र. अमुक. 10,000 काढायला गेलो, रोकड आली नाही, खात्यातून रक्कम वजा झाली (जोड 1, मेसेज).
5 मार्च: फोनवर तक्रार, क्र. अमुक.
12 मार्च: "व्यवहार यशस्वी" एवढंच कळवून तक्रार बंद (जोड 2).
14 मार्च: शाखेत लेखी अर्ज दिला, पोच घेतली (जोड 3). आज 2 एप्रिल, उत्तर नाही.

वेळ आणि मशिन नंबर सोडू नका. मशिन प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवतं आणि नोटा अडकल्या असतील तर रोकड मोजताना जास्तीची निघते, पण बघायचं कुठे हे बँकेला कळायला हवं ना. म्हणून "व्यवहार यशस्वी" या उत्तरावर चिडून पॅराग्राफ लिहिण्यापेक्षा एकच ओळ टाका: "या व्यवहाराची मशिनमधली नोंद आणि त्या दिवसाचा रोकड ताळा तपासून लेखी कळवा."

मागणी मात्र तारखांच्या आधी, अगदी वर. "10,000 माझ्या खात्यात 12 एप्रिलपर्यंत जमा करा." लवकरात लवकर वगैरे नको, त्याला शेवटची तारीखच नसते. शेवटी एक वाक्य, तोपर्यंत काही झालं नाही तर हेच पत्र बँकेच्या वरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे पाठवेन. जे खरंच करणार तेवढंच लिहा, कोर्टाची धमकी उगाच नको.

"उद्धट कर्मचारी", "सामान्य माणसाची लूट" हे सगळं काढा (मला माहितीय, तेच लिहिताना सगळ्यात बरं वाटलं असणार). शाखेत चार तास बसवून ठेवलं असेल तर तारखेपुढे "11 ते 3 थांबलो, अर्ज घेतला नाही" एवढं पुरतं.

कार्डाचे शेवटचे चार आकडेच द्या, पिन कुठेच नको. मूळ कागद स्वतःकडे ठेवून झेरॉक्स जोडा आणि या पत्राचीही पोच घ्या.