मुरुमांच्या कॅप्सूल आणि दर महिन्याची गर्भचाचणी

“ताई, माझं वय 26. चेहऱ्यावर आणि पाठीवर मोठे, दुखरे मुरूम येतात. मलमं झाली, अँटिबायोटिकचे कोर्स झाले, मागे डाग तेवढे राहिले. आता त्वचारोगतज्ज्ञांनी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल लिहून दिल्यात, पण दर महिन्याला गर्भचाचणी करून यायला सांगितलंय. आई म्हणते, हे औषध घेतलंस तर पुढे मूल होणार नाही, झालं तर व्यंग घेऊन येईल. आम्हाला वर्ष-दीड वर्षाने मूल हवं आहे. घेऊ की नको?”

घ्यायला हरकत नाही, तारखा सांभाळून. आईंच्या बोलण्यात एक गोष्ट अगदी खरी आहे आणि एक चुकीची. औषध अंगात असताना गर्भ राहिला तर धोका फार मोठा असतो. औषध अंगातून गेल्यावर मात्र तो धोका राहत नाही, आणि पुढे मूल होण्याची क्षमता या कोर्समुळे कायमची जाते असंही दिसलेलं नाही.

आयसोट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. गर्भाचा चेहरा, कान, हृदय आणि मेंदू घडताना शरीर याच कुळातलं एक द्रव्य अगदी मोजूनमापून वापरत असतं. बाहेरून त्याची भर पडली की ती घडणच बिघडते. कान अर्धवट होतात किंवा होतच नाहीत, टाळू दुभंगलेली राहते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या चुकीच्या जोडल्या जातात, मेंदूत पाणी साठतं. सुरुवातीच्या आठवड्यांत हे औषध पोटात गेलेल्या गर्भांपैकी जे जन्मापर्यंत टिकतात, त्यांच्यात मोठं व्यंग असण्याचं प्रमाण साधारण 20 ते 35 टक्के सांगितलं जातं. बरेच गर्भ त्याआधीच पडतात. ‘थोडेच दिवस घेतलं’, ‘डोस कमी होता’ म्हणून सुटका होईल असं धरता येत नाही.

सगळ्यात नाजूक काळ गर्भधारणेनंतर साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यातला. त्या वेळी पाळी नुकतीच चुकलेली असते. बाईच्या मनात शंका यायच्या आतच नुकसान झालेलं असू शकतं. म्हणून ‘पाळी चुकली की थांबवू’ हा हिशेब इथे चालत नाही, आणि म्हणून चाचणीचा कागद दर महिन्याला बघायचा असतो. या चाचणीचा तुमच्या चारित्र्याशी काही संबंध नाही. माझ्या औषधाच्या दुकानात ही कॅप्सूल घ्यायला येणाऱ्या, मूल होऊ शकणाऱ्या प्रत्येक स्त्रीला मी चाचणीबद्दल तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारते, लग्न झालेलं असो वा नसो. संबंध येत नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्याचीही नोंद होते.

तुमच्यासारख्याच एका बाईंची गोष्ट सांगते, कारण नियम कुठे निसटतात ते त्यातून कळेल. वय 27, वजन 55 किलो. डॉक्टरांनी रोज 30 मिलिग्रॅम दिलं होतं. या औषधात पूर्ण कोर्सचा एकूण डोस वजनावरून धरतात, बहुतेक वेळा किलोमागे 120 ते 150 मिलिग्रॅम. 55 किलोला 120 प्रमाणे 6600 मिलिग्रॅम झाले. रोज 30 प्रमाणे ते पुरे व्हायला 220 दिवस, म्हणजे सात महिन्यांहून जास्त. हा आकडा मी सुरुवातीलाच सांगते. एवढे महिने गर्भनिरोधन एकदाही न चुकता पाळायचं आहे, हे त्याशिवाय डोळ्यांसमोर येत नाही.

त्यांनी गर्भनिरोधक गोळ्या कॅप्सूलच्या एक महिना आधी सुरू केल्या होत्या, शिवाय कंडोम. सुरुवातीची चाचणी निगेटिव्ह आली, आणि पुढच्या पाळीच्या तिसऱ्या दिवशी पहिली कॅप्सूल. पहिले दोन महिने सुरळीत गेले. तिसऱ्या महिन्याची चिठ्ठी घेऊन आल्या तेव्हा सोबत त्याच दिवशीची निगेटिव्ह चाचणी होती. कागद बघून औषध देता आलं असतं. पण मी नेहमी आणखी एक प्रश्न विचारते: गेल्या महिन्यात गोळी चुकली, उलट्या-जुलाब झाले, किंवा दुसरं कुठलं औषध सुरू झालं का? त्या म्हणाल्या, “पोट बिघडलं होतं, दोन दिवस काही टिकत नव्हतं. त्यानंतर एकदा कंडोम वापरला नाही, पण गोळी चालूच होती की.” विचारल्यावर कळलं, त्याला चार दिवस झाले होते.

इथे दोन गोष्टी एकत्र आल्या. उलट्या-जुलाबात गोळी शोषली जात नाही, म्हणजे डबीतली गोळी संपली तरी अंगात गेलेली नसते. दुसरं म्हणजे, आजची निगेटिव्ह चाचणी चार दिवसांपूर्वीच्या संबंधाबद्दल काहीच सांगत नाही. लघवीच्या चाचणीत जे संप्रेरक सापडतं ते गर्भ रुजल्यावरच वाढू लागतं. संबंधानंतर तीन आठवडे उलटल्यावरची निगेटिव्ह चाचणीच भरवशाची. त्या निर्धास्त होत्या, कारण हातात कागद होता. मला काळजी त्या कागदाचीच वाटली.

मी त्या दिवशी कॅप्सूल दिल्या नाहीत. घरी उरलेल्याही घेऊ नका म्हटलं, आणि त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन केला. पाचवा दिवस उलटायच्या आत तातडीचं गर्भनिरोधन करता येतं. डॉक्टरांनी त्यांना त्याच संध्याकाळी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि तिथे तांबी बसवली गेली. असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांत तांबी बसवली तर गर्भ राहणं जवळजवळ टळतं, आणि पुढे काही वर्षं तीच गर्भनिरोधन म्हणून काम करते. पोट बिघडलं काय, गोळी विसरली काय, तांबीला फरक पडत नाही. म्हणूनच या औषधासोबत तांबी किंवा हातात बसवायचं इम्प्लांट मला सगळ्यांत निर्धोक वाटतं. गोळ्या घ्यायच्याच असतील तर सोबत कंडोम हवाच. फक्त प्रोजेस्टेरॉन असलेल्या कमी डोसच्या गोळ्यांवर मात्र या काळात विसंबू नये.

तीन आठवड्यांनी चाचणी पुन्हा केली, निगेटिव्ह आली. मग डॉक्टरांनी कॅप्सूल पुन्हा सुरू केल्या. मधल्या खंडाने मुरुमांचं फारसं बिघडलं नाही, एकूण डोस थोडा उशिरा पूर्ण झाला इतकंच. पुढच्या एका फेरीत त्या फिट्सचं औषध घेणाऱ्या बहिणीबद्दल विचारत होत्या, तेव्हा मी सांगितलं तेही इथे लिहिते: कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि क्षयावरचं रिफाम्पिसिन ही औषधं गर्भनिरोधक गोळीचा असर कमी करतात. यातलं काहीही सुरू झालं तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं.

आता तुमच्या आईंच्या भीतीबद्दल. ती कुठून आली असावी याचा मला अंदाज आहे. सोरायसिससाठी ॲसिट्रेटिन नावाचं याच कुळातलं औषध देतात. त्यानंतर तीन वर्षं गर्भ राहू द्यायचा नसतो, कारण दारूसोबत त्याचं रूप बदलतं आणि ते चरबीत फार काळ साठून राहतं. नावं सारखी वाटतात, म्हणून दोन्हींचे नियम एकमेकांत मिसळतात. आयसोट्रेटिनॉइन तसं साठत नाही. बंद केल्यावर साधारण दोन आठवड्यांत शरीरातली पातळी मूळपदावर येते. तरी शहाणपणाने पूर्ण एक महिना गर्भनिरोधन चालू ठेवतात, आणि त्या महिन्याच्या शेवटी एक शेवटची चाचणी करतात. हा शेवटचा महिना आणि ही शेवटची चाचणी, हीच सगळ्यांत जास्त राहून जाते. चेहरा साफ झालेला असतो, औषध संपलेलं असतं, दुकानात यायचं कारणच उरत नाही. म्हणून शेवटची पाकिटं देतानाच मी त्यावर शेवटच्या चाचणीची तारीख लिहून देते.

रक्तदानही कोर्स चालू असताना आणि नंतर महिनाभर करू नका. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं. नवऱ्याने हे औषध घेतलं तर काय, असं अनेक जणी विचारतात. वीर्यातून जाणारं प्रमाण इतकं किरकोळ असतं की त्यामुळे गर्भाला धोका झाल्याचं दिसलेलं नाही. पुरुषांना मी एवढंच बजावते की कॅप्सूल घरातल्या कुणाला देऊ नका.

रक्ततपासणीचं थोडक्यात. सुरू करण्याआधी उपाशीपोटी चरबीची तपासणी, विशेषतः ट्रायग्लिसराइड, आणि यकृताची. पुन्हा साधारण महिन्याने, मग डॉक्टर सांगतील तसं. ट्रायग्लिसराइड 800 च्या पुढे गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, तेव्हा औषध थांबवावं लागतं. पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून पाठीकडे कळ गेली, तर तपासणीची तारीख यायची वाट बघू नका. ओठ कोरडे पडणं, डोळे रखरखणं हे जवळजवळ सगळ्यांना होतं. मन सतत उदास राहायला लागलं, जगणं नकोसं वाटलं, तर लगेच घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा. त्यात ‘कोर्स संपू दे’ म्हणून थांबायचं नाही.

तुमच्याकडे आधीच्या कोर्सची डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन उरली असेल तर ती या कॅप्सूलसोबत चुकूनही घेऊ नका. दोन्ही मिळून कवटीतला दाब वाढू शकतो. जोराचं डोकं दुखणं, मळमळ आणि डोळ्यांपुढे धूसर दिसणं ही त्याची खूण. त्वचेसाठी म्हणून मिळणाऱ्या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्याही बंद ठेवा.

तुमचं नियोजन असं बसवा. गर्भनिरोधन आजच ठरवा, जमलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी तांबीबद्दल बोला. एक महिन्यानंतर चाचणी, मग पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिली कॅप्सूल. एका वेळी एकाच महिन्याचा साठा घ्या, आणि चाचणी त्या चिठ्ठीच्या आठवड्याच्या आतली असू द्या. तुमचं वजन मला माहीत नाही, पण कोर्स सहा-आठ महिन्यांचा धरला तरी, त्यानंतरचा एक महिना मिळवून, तुमच्या वर्ष-दीड वर्षाच्या आत सगळं बसतं. शेवटची चाचणी निगेटिव्ह आली की तांबी काढून घ्यायची, स्त्रीरोगतज्ज्ञांना या कोर्सच्या तारखा सांगायच्या आणि फॉलिक ॲसिड सुरू करायचं. उरलेल्या कॅप्सूल घरात ठेवू नका, धाकट्या बहिणीला तर अजिबात देऊ नका. त्या दुकानात परत आणून द्या.