अॅपर्चरचं मराठी करताना झालेली चूक

प्रश्न: मायक्रोस्कोप आणि टेलिस्कोपवरचं एक इंग्रजी गाईड नववी-दहावीच्या मुलांसाठी मराठीत करतोय. फोकल लेंथ, अॅपर्चर, मॅग्निफिकेशन यांना मराठी शब्द घ्यावेत की इंग्रजीच ठेवावेत?

नाभीय अंतर आणि विशालन बिनधास्त घ्या, शाळेच्या पुस्तकात तेच शब्द आहेत आणि पोरं परीक्षेतही तेच लिहिणार. खरी अडचण अॅपर्चरची आहे, तिथं मी दोनदा चुकलोय ते सांगतो.

मी कोल्हापुरात असंच एक गाईड मराठीत केलं. पहिल्या खर्ड्यात अॅपर्चरला सगळीकडे 'छिद्र' लिहिलं होतं. तो खर्डा आणि दुर्बीण घेऊन एका संध्याकाळी आठ-दहा पोरांना रंकाळ्यावर नेलं, चंद्र बघायला. त्यातल्या एकानं नळीच्या तोंडावरनं हळूच बोट फिरवलं आणि म्हणाला, "सर, भोक कुठं हाय? हितं तर काच बसवलीय." पोरगं बरोबर होतं. दुर्बिणीचं अॅपर्चर म्हणजे पुढच्या भिंगाचा (किंवा मोठ्या आरशाचा) व्यास, उजेड गोळा करणारं तोंड केवढं मोठं आहे ते. घरी येऊन मी सगळीकडे 'छिद्र' काढून 'भिंगाचा व्यास' केलं, एका झटक्यात फाइंड-रिप्लेस, आणि तिथंच दुसरी चूक झाली, कारण सूक्ष्मदर्शकाच्या धड्यात ते 'पदार्थभिंगाचा व्यास ०.६५' असं होऊन बसलं. मग पोरं विचारणारच, ०.६५ काय, सेंटीमीटर?

सूक्ष्मदर्शकात जे असतं ते न्यूमरिकल अॅपर्चर. त्याला एककच नाही. स्लाइडवरच्या एका ठिपक्यापासून निघालेल्या उजेडाचा शंकू पदार्थभिंग किती रुंद पकडतं, त्याचं ते माप आहे. ०.६५ म्हणजे शंकूची एक बाजू मधल्या अक्षापासून साधारण ४० अंशांनी कललेली. मधे हवा असेल तर हा आकडा १ च्या वर जाऊच शकत नाही, म्हणून तर १०० पटीच्या भिंगाला तेलाचा थेंब लावून १.२५ पर्यंत नेतात. या शब्दाचं मी भाषांतर केलंच नाही, 'न्यूमरिकल अॅपर्चर' ठेवलं आणि खाली शंकूचं चित्र काढलं. भिंगावर ४०/०.६५ आणि त्याखाली १६०/०.१७ असं कोरलेलं दिसलं तर त्यातलं १६० हे नाभीय अंतर नव्हे बरं का, ती नळीची लांबी आहे मिलिमीटरमध्ये आणि ०.१७ ही कव्हरस्लिपची जाडी. त्या भिंगाचं नाभीय अंतर साधारण ४ मिमी असतं.

यातूनच आणखी एक वाक्य तपासायला लागलं. 'नाभीय अंतर कमी तर विशालन जास्त' असं मी सरसकट लिहिलं होतं. नेत्रिकेला ते दोन्हीकडे लागू आहे, पण पदार्थभिंगाला फक्त सूक्ष्मदर्शकात, दुर्बिणीत नेमकं उलटं. आमची दुर्बीण ७० मिमी व्यासाची, पदार्थभिंगाचं नाभीय अंतर ७०० मिमी. २५ मिमीची नेत्रिका लावली की ७०० भागिले २५, म्हणजे २८ पट, १० मिमीची लावली की ७० पट. इथं पदार्थभिंगाचा आकडा, म्हणजे ७००, वाढवला तर विशालन वाढतं. म्हणून भाषांतरात 'भिंग' एवढंच लिहून सोडू नका, दरवेळी कुठलं भिंग ते सांगा, वाक्य लांबलं तरी चालेल.

आणि व्यास विशालनापासून वेगळा ठेवा. साधारण हिशोब असा की दर मिलिमीटर व्यासाला २ पट, म्हणजे ७० मिमीला १४० पट, त्यापुढं गेलं की चित्र मोठं होतं पण पुसट आणि अंधुक, नवीन काही दिसत नाही. सूक्ष्मदर्शकातही तसंच, तिथं न्यूमरिकल अॅपर्चरच्या हजारपटीपुढं काही हाती लागत नाही, म्हणजे ०.६५ ला जास्तीत जास्त ६५० पट. इंग्रजीत मॅग्निफिकेशनला बऱ्याचदा नुसतं 'पॉवर' म्हणतात, ते 'शक्ती' करू नका, आपल्या पुस्तकात भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात, पोरं गोंधळतात.

'छिद्र' हा शब्द मी पूर्ण टाकला नाही मात्र. सूक्ष्मदर्शकाच्या स्टेजखाली कंडेन्सर असतो, त्यात पाकळ्यांचा डायाफ्राम असतो, बाजूची दांडी सरकवली की मधलं भोक खरंच लहान-मोठं होतं. कांद्याचं साल लावून दांडी थोडी बंद केली तर पेशींच्या भिंती एकदम उठून दिसतात, फार बंद केली तर बारकावे जातात. त्या रंकाळ्यावरच्या पोराला नंतर मी तेच दाखवलं, आणि गाईडमध्ये 'छिद्र' आता फक्त तेवढ्या एका जागी आहे.